सात फेऱ्या आणि एक दुपार: काब्यापासून अरफातच्या मैदानापर्यंत

हज म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो काळ्या गिलाफातला काबा आणि त्याच्याभोवती फिरणारा माणसांचा पूर. पण हजचा कणा मक्केपासून साधारण 20 किलोमीटरवर आहे, अरफात नावाच्या उघड्या मैदानात. पैगंबरांचं वचनच आहे, ‘हज म्हणजे अरफात.’ वर्षाच्या एका ठरलेल्या दुपारपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत हाजी त्या मैदानात पोचला नाही, तर काब्याभोवती शंभर फेऱ्या मारूनही त्या वर्षी त्याचा हज होत नाही.

काब्याभोवतीच्या फेऱ्यांना तवाफ म्हणतात आणि अरफातमधल्या थांबण्याला वुकूफ. या दोन विधींचे स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट आहेत. तवाफ मोजावा लागतो. तो कुठून सुरू केला, कितवी फेरी झाली, काबा कुठल्या हाताला होता, वजू म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुऊन केलेली शुद्धी टिकली का, सगळं बघावं लागतं. वुकूफमध्ये मोजण्यासारखं काही नाही. तिथे दोनच प्रश्न असतात: जागा बरोबर आहे का आणि वेळ बरोबर आहे का? हाजींच्या बहुतेक चुका हा फरक ध्यानात न घेतल्याने होतात. तवाफमध्ये माणूस भारावून जातो आणि मोजणी सुटते. अरफातमध्ये तो काहीतरी करून दाखवायच्या धडपडीत भर उन्हात डोंगर चढायला निघतो, तिथे नुसतं असणं पुरेसं असताना.

तवाफच्या आधी

भारतातून जाणारे बहुतेक हाजी ‘तमत्तू’ पद्धतीचा हज करतात. म्हणजे आधी उमरा, ही काब्याची छोटी यात्रा, करायचा, एहराम सोडायचा, साध्या कपड्यांत मक्केत राहायचं आणि जिल्हेज महिन्याच्या 8 तारखेला हजसाठी नव्याने एहराम बांधायचा. हाजीचा काब्याभोवतीचा पहिला तवाफ त्यामुळे उमऱ्याचा असतो. हजचा फर्ज, म्हणजे अनिवार्य, तवाफ अरफातनंतर, 10 तारखेपासून पुढे येतो. करायची रीत दोन्हींची सारखीच.

एहराम म्हणजे फक्त ती दोन पांढरी वस्त्रं, असा समज आहे. वस्त्रं ही खूण झाली. नियत, म्हणजे मनात संकल्प, करून ‘लब्बैक’ म्हटलं की एहराम लागतो आणि बंधनं सुरू होतात: पुरुषांना शिवलेले कपडे आणि डोक्यावर टोपी-रुमाल नाही, बायकांनी चेहऱ्याला लागणारा नकाब घ्यायचा नाही, कुणीच सुगंध लावायचा नाही, केस-नखं कापायची नाहीत. मक्केभोवती ठरलेल्या सीमा आहेत, त्यांना मीकात म्हणतात, आणि त्या ओलांडण्याआधी एहरामात असावं लागतं. विमान जेद्दाला उतरायच्या आधीच मीकात मागे पडते, म्हणून कपडे घरून किंवा विमानतळावरच बदलून निघायचं आणि नियत विमानात करायची. आधी मदिनेला जाणाऱ्यांना हे लागू नाही. ते मदिनेहून मक्केला येताना जुलहुलैफाला एहराम बांधतात.

नियम मोडला, तर कित्येक ठिकाणी ‘दम’ द्यावा लागतो. दम म्हणजे भरपाई म्हणून हरमच्या, म्हणजे मक्केभोवतीच्या पवित्र क्षेत्राच्या, हद्दीत एका बकऱ्याची किंवा मेंढ्याची कुर्बानी. कुठे दम लागतो आणि कुठे नाही, यावर चार मजहबांत, म्हणजे धर्मनियमांच्या चार परंपरांत, फरक आहेत. महाराष्ट्रातले बहुतेक मुसलमान हनफी आणि कोकणातले पुष्कळसे शाफई, त्यामुळे एकाच तंबूत दोन मतं ऐकू येणं साहजिक आहे. जिथे हा फरक प्रत्यक्ष आडवा येतो, तिथे पुढे दोन्ही मतं दिली आहेत.

फेरी कधी फेरी ठरते

काब्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात हजरे अस्वद हा काळा दगड चांदीच्या कोंदणात बसवलेला आहे. प्रत्येक फेरी इथे सुरू होते आणि इथेच संपते. गर्दीत दगड दिसत नाही, म्हणून त्याच्या समोरच्या बाजूला मशिदीच्या भिंतीवर हिरवा दिवा लावलेला आहे. काबा आणि हा दिवा यांना जोडणारी सरळ रेषा मनात धरायची. शहाणपण यात आहे, की रेषेच्या दोन-चार पावलं अलीकडेच थांबावं, नियत करावी आणि मग रेषेवर येऊन दगडाकडे तळहात करून ‘बिस्मिल्लाह अल्लाहु अकबर’ म्हणावं. पुष्कळ जण गर्दीच्या लोटात रेषा ओलांडून पुढे गेल्यावर भानावर येतात आणि तिथूनच मोजायला लागतात. ती पहिली फेरी अपुरी राहते. अशा वेळी उलटं फिरून प्रवाहाविरुद्ध यायचं नाही, ते धोक्याचं आहे. ती फेरी हिशेबात धरू नये आणि पुन्हा रेषेवर आल्यावर ‘एक’ म्हणावं.

दगडाला हात लावणं किंवा त्याचं चुंबन घेणं सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, आहे, सक्ती नाही. गर्दीत कुणाला ढकलणं मात्र गुनाह आहे, आणि सुन्नतीसाठी गुनाह करायचा नसतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. या दगडाला आणि काब्याच्या दाराजवळच्या भिंतीला अत्तर लावलेलं असतं. एहरामात असताना तिथे हात-तोंड टेकवलं की सुगंध अंगाला लागतो आणि भरपाईचा प्रश्न उभा राहतो. म्हणून एहरामातल्या माणसाने लांबूनच इशारा करावा हे उत्तम. गिलाफाला कवटाळण्याची ओढ कितीही अनावर झाली, तरी ती एहराम सुटल्यानंतरच्या नफल, म्हणजे ऐच्छिक, तवाफसाठी राखून ठेवावी.

फिरताना काबा डाव्या हाताला राहतो. आधी काब्याचं दार लागतं, त्याच्या समोर मकामे इब्राहिमची सोनेरी जाळी, मग पुढच्या कोपऱ्यानंतर अर्धवर्तुळाकार बुटकी संगमरवरी भिंत येते. हा हतीम. त्याच्या आत शिरायला दोन्ही टोकांना वाट आहे आणि गर्दी कमी असली की काही जण तिथून आडवे निघतात. ती फेरी वाया जाते. कारण समजून घेण्यासारखं आहे. पैगंबरांच्या तरुणपणी कुरैशांनी काबा नव्याने बांधला, तेव्हा हलालच्या कमाईचा पैसा पुरला नाही आणि त्यांनी ही बाजू आखूड केली. हतीमचा काब्याला लागून असलेला काही भाग मूळ पायावरचा आहे, म्हणजे काबाच आहे. आतून गेलेला माणूस काब्याभोवती फिरला नाही, काब्यातून गेला. पुढे अब्दुल्लाह इब्ने जुबैर यांनी तो भाग इमारतीत घेतलाही होता, पण त्यांच्या पाडावानंतर काबा पुन्हा आधीच्या आकाराचा केला गेला आणि आजही तसाच आहे. हाजीने एवढंच बघायचं, की हतीमची भिंत सतत आपल्या डाव्या हाताला आहे.

हतीम मागे टाकल्यावर पुढचा कोपरा आणि मग रुक्ने यमानी हा कोपरा. तिथून हजरे अस्वदपर्यंतच्या छोट्या टप्प्यात ‘रब्बना आतिना फिद्दुन्या हसनतंव…’ ही दुआ पढली जाते. बाकी फेरीत कुठलीही ठरलेली दुआ नाही. पहिल्या फेरीची दुआ, दुसऱ्या फेरीची दुआ अशा पुस्तिका मिळतात. त्या वाचायला हरकत नाही, पण त्या सक्तीच्या आहेत असं समजून कित्येक जण पुस्तकात डोकं खुपसून चालतात आणि रेषा कधी गेली ते त्यांना कळतही नाही. आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत मागितलेलं चालतं.

पुरुषांसाठी आणखी दोन सुन्नती आहेत. ज्या तवाफनंतर सई, म्हणजे सफा-मरवा टेकड्यांमधल्या सात खेपा, करायची असते, त्यात वरची चादर उजव्या काखेतून घेऊन डाव्या खांद्यावर टाकायची, म्हणजे उजवा खांदा उघडा राहतो. आणि पहिल्या तीन फेऱ्या छाती काढून, जवळ जवळ पावलं टाकत झपझप चालायच्या, याला रमल म्हणतात. इसवी सन 629 मध्ये पैगंबर सोबत्यांसह उमऱ्याला आले, तेव्हा मक्केवाले म्हणत होते, की मदिनेच्या तापाने ही माणसं खंगली आहेत. त्यांना दिसावं म्हणून ही चाल चालायला सांगितली गेली. मक्का पुढच्याच वर्षी हाती आली, पण चाल राहिली. गर्दी दाट असेल तर रमल सोडून द्यावा. उघडा खांदा तवाफपुरताच. नमाजेला उभं राहताना तो झाकायचा असतो, आणि हीच गोष्ट सर्रास विसरली जाते.

आता मोजणी. फेऱ्या सात. मन दुआत गुंतलं की पाचवी की सहावी हा घोटाळा होतोच. सात मण्यांची छोटी तसबीह जवळ ठेवावी आणि रेषा ओलांडताच एक मणी सरकवावा. फेरीच्या मध्येच सरकवायची सवय लागली की उपयोग संपला. तरीही शंका आली, तर कमी आकडा धरायचा, कारण तेवढ्याचीच खात्री असते. समजा, नवरा-बायको बरोबर फिरताहेत. तो म्हणतो सहा झाल्या, ती म्हणते पाच. दोघांनाही पक्कं आठवत नाही. मग पाच धरायच्या आणि आणखी दोन मारायच्या. एखादी जास्त झाली तर बिघडत नाही, कमी पडली तर बिघडतं.

तवाफला वजू लागतो. मध्येच वजू सुटला तर बाहेर पडून वजू करावा आणि जिथे सोडलं तिथून पुढे चालावं. चारपेक्षा कमी फेऱ्या झाल्या असतील, तर हनफी आलिम पहिल्यापासून सुरुवात करणं चांगलं मानतात. जमातची, म्हणजे सामूहिक नमाजेची, वेळ झाली, तर थांबून नमाज पढायची आणि उरलेला तवाफ नंतर पुरा करायचा. शाफई हाजीसमोर एक वेगळीच अडचण असते. त्यांच्या मजहबात परक्या स्त्री-पुरुषांच्या त्वचेचा स्पर्श झाला तरी वजू जातो, आणि त्या गर्दीत स्पर्श टळत नाही. म्हणून अनेक शाफई उलेमा तवाफपुरतं हनफी मतावर चालायची मुभा देतात. मात्र मग वजूही हनफी अटींप्रमाणे केलेला असावा. मक्केला जाण्याआधीच आपल्या मौलानांकडून हे समजून घ्यावं. तिथे गर्दीत ते जमत नाही.

कुठून फिरावं? काब्याच्या मध्यापासून 20 मीटरवरून चाललं तर एक फेरी साधारण 125 मीटरची पडते. 50 मीटरवरून तीच 315 मीटरच्या आसपास जाते. म्हणजे सात फेऱ्या एकीकडे पाऊण-एक किलोमीटर, तर दुसरीकडे दोनाहून जास्त. वरच्या मजल्यांवर त्याहून कितीतरी मोठी. पण आतल्या कड्यात माणूस पावलापावलाला अडतो आणि बाहेरच्या कड्यात चालत राहतो, त्यामुळे वेळेत वाटतो तेवढा फरक पडत नाही. वयस्कर माणसांनी बाहेरूनच फिरावं. आत शिरणं कसंबसं जमतं, पण सातव्या फेरीनंतर बाहेर पडताना माणसं एकमेकांवर आदळतात. सहावी संपली की हळूहळू तिरकं बाहेर सरकायला लागावं.

फेऱ्या झाल्या की मकामे इब्राहिमच्या मागे दोन रकात. ‘मागे’ म्हणजे त्याला चिकटून नव्हे. मशिदीत कुठेही जागा मिळेल तिथे चालते. असरनंतर तवाफ संपला, तर हनफी ही नमाज मगरीबनंतर पढतात, शाफई लगेच पढतात. मग जमजम पिऊन सई.

सई आणि एक घाईतली चूक

सफा आणि मरवा या दोन टेकड्यांच्या मधली ही वाट आता मशिदीच्या छताखाली आहे. सफावरून मरवाला गेलं की एक, परत सफाला आलं की दोन. सातवी खेप मरवावर संपते. जाऊन-येऊन एक असं मोजणारे चौदा खेपा चालतात आणि पाय सुजवून घेतात. शेवट सफावर झाला, तर मोजणीत गडबड आहे हे नक्की समजावं. सात खेपा मिळून तीन किलोमीटरच्या वर चालणं होतं. मधल्या हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात पुरुष हलकं धावतात, बायका चालतात.

यानंतर केस कापले की उमरा पुरा होतो आणि एहराम सुटतो. चूक नेमकी इथे होते. मरवावर कुणाच्या तरी हातात कात्री असते, दोन बटा कापल्या जातात आणि माणूस हॉटेलवर जाऊन साबण लावून आंघोळ करतो. शाफई मताने तीन केस कापले तरी पुरतात. हनफी मताने निदान पाव डोक्याचे केस कापलेच पाहिजेत. म्हणजे हनफी हाजी दोन बटांवर एहरामातून बाहेर आलेलाच नसतो, आणि पुढचा वासाचा साबण, शिवलेला कुर्ता सगळं एहरामातच घडतं. पुरुषांनी सरळ न्हाव्याकडे जाऊन सगळं डोकं करून घ्यावं. बायकांनी केस एकत्र धरून बोटाच्या एका पेराएवढं टोक कापावं.

पाळी आली तर

हा प्रश्न प्रत्येक हज गटात निघतो आणि बहुधा दबक्या आवाजात, अगदी शेवटच्या दिवशी विचारला जातो. एक उदाहरण घेऊ. एक बाई उमऱ्याच्या एहरामात 5 जिल्हेजला मक्केत पोचते, पण आदल्या दिवशीच तिला पाळी आली आहे. या अवस्थेत तवाफ करता येत नाही. तिने एहरामातच राहायचं आणि वाट बघायची. 8 तारखेच्या आत ती पाक झाली, तर गुसल करून उमरा करेल आणि काहीच प्रश्न उरणार नाही. नाही झाली तर?

इसवी सन 632 मध्ये पैगंबरांच्या हजच्या वेळी हजरत आयेशांवर हाच प्रसंग आला होता. मक्केजवळ सरिफ इथे त्या रडत बसल्या होत्या. पैगंबरांनी त्यांना सांगितलं, की ही गोष्ट अल्लाहने आदमच्या लेकींसाठी लिहून ठेवली आहे. हाजी जे जे करतो ते सगळं कर, फक्त पाक होईपर्यंत तवाफ करू नकोस. मग त्यांनी केस सोडून विंचरले, हजची नियत केली आणि त्या सगळ्यांबरोबर अरफातला गेल्या. हज झाल्यावर त्यांचे भाऊ अब्दुर्रहमान यांच्याबरोबर तनईमला जाऊन त्यांनी उमऱ्याचा एहराम बांधला. तिथली मशीद आजही आयेशांच्या नावाने ओळखली जाते.

आपल्या उदाहरणातल्या बाईनेही हेच करायचं. हनफी मताप्रमाणे ती उमरा सोडून देते, हजची नियत करते, मीना या तंबूंच्या मुक्कामाला जाते आणि हजनंतर तनईमहून एहराम बांधून सुटलेला उमरा करते, शिवाय एक दम देते. शाफई मताप्रमाणे ती उमऱ्यावरच हजची नियत जोडते. मग अरफातनंतर पाक झाल्यावरचा एक तवाफ आणि एक सई दोन्हींसाठी पुरते, आणि हज-उमरा जोडल्याची कुर्बानी करावी लागते. दोन्ही मतांत ती अरफातला जातेच. वुकूफला पाकी लागत नाही, वजूही लागत नाही. तिचा वुकूफ इतरांच्या इतकाच पुरा आहे. एवढी एक गोष्ट तिला वेळेवर सांगितली, तर ती बिचारी तंबूत कोपरा धरून रडत बसणार नाही.

मीनातली रात्र

8 तारखेला मक्केतल्या राहत्या जागेवरूनच एहराम बांधून हाजी मीनाला जातात आणि जोहरपासून दुसऱ्या दिवशीच्या फजरपर्यंत पाच नमाजा तिथे पढतात. प्रत्यक्षात बसगाड्या 7 तारखेच्या रात्रीच निघू लागतात, तेव्हा तयारी आदल्या संध्याकाळीच हवी. ही रात्र सुन्नत आहे, ती चुकल्याने हज जात नाही. तंबू आगीला दाद न देणाऱ्या कापडाचे आहेत. 1997 मध्ये मीनात मोठी आग लागली होती, त्यानंतर ते आले. सगळे एकसारखे पांढरे. बाहेर पडताना आपल्या तंबूचा आणि खांबावरचा क्रमांक फोनमध्ये टिपून घ्यावा. हरवणारी माणसं बहुतेक स्वच्छतागृहातून परत येताना हरवतात.

अरफात: जागा आणि वेळ

9 तारखेला सकाळी सगळे अरफातला निघतात. हे मैदान हरमच्या हद्दीबाहेर आहे. मीना आणि मुजदलिफा, म्हणजे अरफातनंतरचा रात्रीचा मुक्काम, मात्र हद्दीच्या आत येतात. इस्लामपूर्व काळात कुरैश स्वतःला हरमचे मानकरी समजत आणि हद्द न ओलांडता मुजदलिफातच थांबत, बाकीचे अरब अरफातपर्यंत जात. कुरआनच्या दुसऱ्या सूरेत आदेश आला, की जिथून सगळी माणसं परततात तिथूनच तुम्हीही परता. वतनदारांना इतरांच्या रांगेत आणून उभं करणारी ही आयत आहे आणि ती या मैदानाबद्दलची आहे.

जागेची अट सोपी दिसते, पण तिथे एक खाच आहे. अरफातच्या मक्केकडच्या कडेला उरना नावाचा ओढा आहे आणि तो अरफातमध्ये धरला जात नाही. मस्जिदे नमिरा याच कडेवर उभी आहे. मागाहून वाढवलेली ही भव्य मशीद दोन जागांत विभागलेली आहे: पुढचा, इमामाकडचा भाग अरफातबाहेर आणि मागचा अरफातमध्ये. आत तसे फलक लावलेले आहेत. खुतबा आणि नमाजेसाठी पुढे बसणं ठीक. पण कुणी तिथेच संध्याकाळपर्यंत बसून राहिला आणि थेट मुजदलिफाला गेला, तर तो अरफातला गेलाच नाही. मैदानाच्या कडेने मोठे पिवळे फलक आहेत, अरफात कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे सांगणारे. तंबूत पोचल्यावर आधी आपण फलकाच्या कुठल्या बाजूला आहोत ते बघावं. गटाबरोबर ठरलेल्या तंबूत असलेल्यांना याची काळजी नसते. वाट चुकलेल्यांना आणि रस्त्याकडेला सावलीत टेकलेल्यांना असते.

वेळ 9 तारखेचा सूर्य माथ्यावरून ढळल्यापासून 10 तारखेची पहाट फुटेपर्यंत. या अवधीत एहरामातला माणूस क्षणभर जरी अरफातमध्ये असला, तरी फर्ज पुरा होतो. दिवसा आलेल्याने सूर्यास्तापर्यंत थांबायचं. हनफी मताने त्याआधी हद्दीबाहेर गेल्यास दम लागतो. शाफई मताने थांबणं सुन्नत आहे. दिवसा पोचता आलं नाही तर रात्री पोचलेलंही चालतं.

‘वुकूफ’चा अर्थ उभं राहणं असा असला, तरी उभं राहायची अट नाही. बसलं, आडवं झालं, डोळा लागला तरी चालतं. तवाफला नियत लागते. हरवलेल्या भावाला शोधत काब्याला सात चकरा झाल्या म्हणून तवाफ होत नाही. अरफातमध्ये मात्र वेगळी नियत लागत नाही. आजारी हाजींना मक्केतल्या आणि मदिनेतल्या रुग्णालयांतून रुग्णवाहिकांनी इथे आणलं जातं ते याच आधारावर. खाटेवरून न हलता त्यांचा वुकूफ होतो.

मग दुपार कशी घालवायची? पैगंबरांनी उरनाच्या ओढ्यात खुतबा दिला, जोहर आणि असर एकत्र पढवली, मग सांडणीवरून टेकडीच्या पायथ्याच्या खडकांपाशी आले आणि किबल्याकडे, म्हणजे काब्याच्या दिशेला, तोंड करून सूर्य मावळेपर्यंत दुआ करत राहिले. तेव्हाच त्यांनी सांगितलं, ‘मी इथे थांबलो, पण सगळं अरफात थांबायची जागा आहे.’ ही टेकडी म्हणजे जबले रहमत. तिच्यावर चढणं हजचा भाग नाही, स्वतः पैगंबरही चढले नव्हते. दरवर्षी माणसं चढतात, घसरतात, उन्हाने कोसळतात, परतीचा तंबू सापडत नाही. दुआ करताना टेकडीकडे तोंड करणं ही दुसरी चूक. तोंड किबल्याकडेच हवं.

त्या दिवशी हाजींनी रोजा धरायचा नसतो. पैगंबर उपाशी आहेत का, अशी लोकांत कुजबुज सुरू झाली, तेव्हा उम्मुल फज्ल यांनी त्यांच्याकडे दुधाचा पेला पाठवला आणि त्यांनी सांडणीवर बसल्या बसल्या, सगळ्यांच्या देखत तो प्यायला. ऊन जीवघेणं असतं. 2024 च्या हजमध्ये सौदी सरकारच्याच आकड्याप्रमाणे 1,301 माणसं दगावली. त्यांतले बहुतेक परवान्याविना आलेले होते, त्यामुळे त्यांच्या नशिबी तंबू आणि वाहनं नव्हती, लांब अंतर पायी कापावं लागलं. एहरामात पुरुषांनी डोक्याला चिकटणारं काही घ्यायचं नसतं, पण छत्री चालते, तंबूची सावली चालते, डोक्यावर पाणी ओतलं तरी चालतं. तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी घेत राहावं आणि क्षारांची पाकिटं जवळ असावीत. बोलण्यात विसंगती आली, कातडी तापली, तर त्या माणसाला लगेच सावलीत आणून भिजवावं आणि वैद्यकीय केंद्राला कळवावं. तो थकला आहे असं समजून झोपू देऊ नये.

तंबूत नमाजेवरून हमखास वाद होतो. जोहर-असर एकत्र पढायची की वेगवेगळी? इमाम अबू हनीफांच्या मते एकत्र पढायला नमिराच्या इमामामागची जमात लागते. म्हणून तंबूतले हनफी जोहर आपल्या वेळेला आणि असर आपल्या वेळेला पढतात. इतर बरेच जण दोन्ही एकत्र पढतात. दोन्हींना आधार आहे. दोन जमाती करून मोकळं व्हावं, ती दुपार वादात घालवू नये. जेवणानंतर झोपायचं तर तासभरच, कारण असरनंतरचा वेळ सगळ्यांत मोलाचा आणि गाढ झोप नेमकी तेव्हाच लागते. मागायच्या गोष्टींची, ज्यांच्यासाठी मागायचं त्यांच्या नावांची यादी आधी कागदावर लिहून आणलेली बरी. ऐन वेळी माणूस भरून येतो आणि काहीच आठवत नाही.

अरफात हुकलं तर

खलिफा उमरांच्या काळातली घटना आहे. हब्बार इब्ने अस्वद हजला आले ते 10 तारखेला, उमर कुर्बानी करत असताना. म्हणाले, ‘अमीरुल मोमिनीन, आमची मोजणी चुकली, आम्हाला वाटलं अरफातचा दिवस आज आहे.’ उमरांनी सांगितलं: मक्केला जा, तू आणि तुझ्याबरोबरच्यांनी तवाफ करा, कुर्बानीचं जनावर आणलं असेल तर कुर्बानी द्या, केस काढा आणि घरी परता. पुढच्या वर्षी हज करा आणि कुर्बानी द्या. ज्याला कुर्बानी जमणार नाही, त्याने हजमध्ये तीन आणि घरी गेल्यावर सात रोजे ठेवावेत.

वुकूफ हुकल्यावर आजही हाजी उमऱ्यासारखे विधी करून एहराम सोडतो आणि पुढे पुन्हा हज करतो. एकट्या वुकूफची भरपाई कशानेच होत नाही. 10 तारखेचा तवाफ गर्दीमुळे, आजारामुळे पुढे गेला तरी तो नंतर करता येतो, फार तर उशिराचा दम लागतो. तवाफला काबा रोज तिथे आहे. अरफातमध्ये 11 तारखेला जाऊन उभं राहिलं, तर ते फक्त एक मैदान असतं.

सूर्य मावळला की बसगाड्यांची इंजिनं सुरू होतात. मगरीबची वेळ झालेली असते, पण ती नमाज इथे पढायची नाही. हाजी ती तशीच बरोबर घेऊन निघतात आणि मुजदलिफाला पोचल्यावर, मध्यरात्र होत आली असली तरी, इशाबरोबर पढतात. चटई, पाण्याची बाटली आणि मीनात सैतानाच्या प्रतीकावर मारायच्या खड्यांसाठी एक छोटी पिशवी हाताशी ठेवायची, बाकी सामान बसच्या पोटात. ओठांवर लब्बैक चालूच असतं. ते दुसऱ्या दिवशी मीनात पहिला खडा मारतानाच थांबतं.